एकच मॉडेल, एकच दुकान, तरी एलईडी स्ट्रिपचा रंग वेगळा का येतो, आणि आला तर काय करायचं

गेल्या वर्षी मावसभावाच्या फ्लॅटचं फर्निचरचं काम चाललं होतं, हॉलला पीओपीचं फॉल्स सीलिंग आणि कडेने कोव्ह, म्हणजे लाईट लपवायची खाच, त्यात वॉर्म व्हाईट स्ट्रिप. हॉल सोळा बाय अकरा फूट, म्हणजे घेर चोपन्न फूट, साधारण साडेसोळा मीटर. त्याने पुण्याच्या तपकीर गल्लीतून पाच मीटरचे तीन रोल आणले, म्हणजे पंधरा मीटर, आणि दीड मीटर कमी पडली. तीन आठवड्यांनी त्याच दुकानातून, तेच मॉडेल, तसंच पाकीट, चौथा रोल आणला. वायरमनने लावला, संध्याकाळी लाईट लागली आणि वहिनी म्हणाली, "अहो, दारावरचा तुकडा गुलाबी का दिसतोय?" एकदा दिसलं ना की मग दुसरं काही दिसत नाही, पाहुणा आला की आधी तिकडेच बघतो.

भाऊ रोल घेऊन परत दुकानात गेला तर तिथलं उत्तर ठरलेलं, "दादा, वॉर्म व्हाईट म्हणजे वॉर्म व्हाईटच, पाकीट बघा ना, तीन हजार लिहिलंय." आणि गंमत अशी की दुकानदार खोटं बोलत नव्हता. दोन्ही रोल तीन हजार केल्विनच होते, तरी रंग वेगळे होते. हे कसं ते आधी समजून घेऊ, कारण ते कळलं की पुढच्या टेस्ट आणि उपाय आपोआप लक्षात येतात.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो

स्ट्रिपवरच्या त्या पिवळ्या ठिपक्याखाली जी चिप असते ती निळा प्रकाश देते, साधारण 450 नॅनोमीटरच्या आसपासचा. वर जे पिवळं दिसतं तो फॉस्फर, सिलिकॉनमधे कालवलेली पावडर. थोडा निळा प्रकाश फॉस्फर शोषून पिवळा करून बाहेर टाकतो, थोडा निळा तसाच सुटतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. वॉर्म व्हाईट हवा असेल तर त्यात लाल फॉस्फरही घालतात. म्हणजे रंग ठरतो तो निळा किती सुटला आणि पिवळा-लाल किती झाला या प्रमाणावर.

आता हे प्रमाण प्रत्येक एलईडीत तंतोतंत सारखं ठेवणं फार अवघड आहे. चिप ज्या चकतीवर बनतात त्या एकाच चकतीवर इकडच्या आणि तिकडच्या चिपच्या निळ्यात काही नॅनोमीटरचा फरक असतो. आणि फॉस्फरचं तर विचारूच नका, ती पावडर सिलिकॉनपेक्षा जड असते, सिरिंजमधून थेंब थेंब भरताना ती हळूहळू खाली बसत जाते. पंगतीत आमटी वाढताना बादली ढवळली नाही तर कुणाच्या वाटीत नुसतं पाणी येतं आणि कुणाच्या वाटीत सगळी डाळ, तसंच. बादली एकच, फोडणी एकच, पण वाटी वेगळी.

कारखान्याला हे माहीत असतं म्हणून एलईडी बनले की प्रत्येक नग मशीनवर पेटवून मोजतात आणि रंग, उजेड, व्होल्टेज यानुसार वेगवेगळ्या खणांत टाकतात. याला बिनिंग म्हणतात, खण म्हणजे बिन. एकाच बिनमधले एलईडी शेजारी ठेवले तर फरक कळत नाही. जे गिऱ्हाईक एकाच बिनचा आग्रह धरतं आणि त्याचे पैसे मोजतं त्याला तसे मिळतात, उरलेले कडेच्या बिनचे किंवा मिसळलेले स्वस्तात निघतात. आपल्या स्वस्त रोलमधे बहुतेक हेच असतात. खराब नसतात बरं का, चालतात व्यवस्थित, फक्त आज एका बिनचे मिळाले तर ते लागले आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या बिनचे मिळाले तर ते लागले.

मॉडेल नंबर यात मदत करत नाही, कारण तो नंबर काय सांगतो ते बघा, 2835 म्हणजे एलईडीचा साईझ (2.8 बाय 3.5 मिलिमीटर), 120 म्हणजे मीटरला किती एलईडी, 12 व्होल्ट, वॉर्म व्हाईट. बिनबद्दल त्यात एक अक्षर नाही. उद्या स्ट्रिपवाल्याने एलईडी दुसऱ्याच कंपनीचे घेतले तरी नंबर तोच राहतो.

तीन हजार म्हणजे नेमके किती

अमेरिकेचं एक स्टँडर्ड आहे, एएनएसआय सी 78.377, जगभर एलईडीवाले त्याच्याच हिशोबाने बोलतात. त्यात "3000 केल्विन" या नावाखाली 3045 अधिक-उणे 175 इतकी सूट आहे. म्हणजे 2870 ते 3220 मधलं काहीही तीन हजार म्हणून विकता येतं. एक रोल 2900 चा आणि दुसरा 3200 चा, दोघांवर 3000 छापलं तर चूक नाही, पण शेजारी लावले की आंधळ्यालाही कळेल. आणि हे स्टँडर्ड पाळणाऱ्यांचं झालं, स्वस्त पाकिटावरचा आकडा कुणी मोजून छापला असेल याचीही खात्री नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि दुकानात ती कोणालाच माहीत नसते. केल्विनचा आकडा फक्त एकाच दिशेचा फरक सांगतो, पिवळसर की निळसर. पण रंग आडव्या दिशेनेही सरकतो, गुलाबी की हिरवट, आणि तो फरक केल्विनमधे दिसतच नाही. दोन रोल अगदी बरोब्बर 3000 असतील तरी एक गुलाबी छटेचा आणि एक हिरवट छटेचा असू शकतो. भावाच्या घरी नेमकं हेच झालं होतं.

म्हणून चांगल्या कंपन्या केल्विनसोबत "स्टेप" सांगतात, एसडीसीएम किंवा मॅकअ‍ॅडम स्टेप. कोडॅकमधे काम करणाऱ्या डेव्हिड मॅकअ‍ॅडमने 1942 साली प्रयोग करून माणसाला रंगातला किती फरक ओळखू येतो ते मोजलं होतं, त्यावरून आलेलं माप. यात दोन्ही दिशा येतात. एका स्टेपच्या आत फरक जवळजवळ दिसत नाही, तीन स्टेपचा माल कोव्हला उत्तम, आणि वर सांगितलेली ती तीन हजारची सूट साधारण सात स्टेपची आहे, म्हणजे शेजारी ठेवले की दिसणारच. स्वस्त पाकिटावर स्टेपचा उल्लेख नसतो, नसला की समजून जायचं.

आधी नक्की करा की दोष स्ट्रिपचाच आहे

वायरमनला शिव्या घालायच्या किंवा दुकानात भांडायच्या आधी हे करा. कारण बऱ्याचदा बिन वेगळं नसतंच, व्होल्टेज कमी पडलेलं असतं.

पहिलं काम मल्टिमीटरचं. स्ट्रिप पूर्ण चालू ठेवून रोलच्या सुरुवातीला आणि शेवटाला व्होल्टेज बघा, कटिंग मार्कजवळ जे तांब्याचे ठिपके असतात तिथे प्रोब टेकवायचे. भावाकडे सुरुवातीला 12.0 आणि पाच मीटरनंतर 10.6 होतं. वाटतं की दीड व्होल्टने काय होणार, पण 12 व्होल्टच्या स्ट्रिपमधे तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी साखळी असते. तीन एलईडी मिळून नऊ व्होल्टच्या आसपास खातात, रेझिस्टरला उरतात तीन. शेवटाला 10.6 आले तर रेझिस्टरला उरतात दीडच्या आसपास, म्हणजे करंट जवळपास निम्म्यावर. उजेड चांगलाच पडतो आणि मंद उजेड डोळ्याला वेगळ्या रंगाचा वाटतो. भावाकडे तिसऱ्या रोलचं मंद टोक आणि चौथ्या रोलचा दीड मीटरचा झगझगीत तुकडा बरोबर एकमेकांना भिडले होते, म्हणजे जो काही रंगाचा फरक होता तो आणखी उठून दिसत होता.

(अडॅप्टर किंवा एसएमपीएसची 230 व्होल्टची बाजू उघडायची असेल तर आधी एमसीबी पाडा. बारा व्होल्टच्या बाजूला शॉक नाही बसत पण शॉर्ट झालं तर वायर तापून पीओपीत जळू शकते.)

दुसरं काम, दोन्ही रोलचा अर्धा अर्धा मीटर कापून टेबलावर घ्या. नव्याचा उरलेल्यातून, जुन्याचा टोकाकडून, कापायचं मार्कवरच. दोन्ही एकाच अडॅप्टरला समांतर जोडा, लांबी सारखी, व्होल्टेज सारखं, म्हणजे व्होल्टेजचा प्रश्न मिटला. पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या, एलईडी तापला की रंग किंचित सरकतो, त्यामुळे लगेच बघू नका.

आता थेट एलईडीकडे बघायचं नाही, डोळे दिपतात आणि काहीच कळत नाही. दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटून ठेवा, वर दोन-तीन इंचावर बटर पेपर धरा, स्वयंपाकघरातला चालेल. कागदावर मधोमध रेघ दिसली, एक बाजू गुलाबी आणि एक हिरवट-पिवळी, तर बिन वेगळं आहे. रेघ नाही दिसली तर दोष व्होल्टेजचा किंवा भिंतीचा. हो, भिंतीचाही असतो, कोव्हचा उजेड छतावर आपटून येतो आणि पेंटरने एका बाजूला आयव्हरीचा उरलेला डबा मारला असेल तर स्ट्रिप कितीही सारखी असली तरी रंग वेगळाच दिसणार. शंका असेल तर तुकड्यांच्या जागा बदलून बघा, रंग तुकड्याबरोबर सरकला तर स्ट्रिप, जागेलाच राहिला तर भिंत.

बारीक फरक असेल आणि घरात दोन मतं असतील (असतातच) तर फोन काढा. बटर पेपरचा फोटो घ्या, दोन्ही तुकडे एकाच फोटोत आले पाहिजेत, उजेड इतका कमी करा की कागद फोटोत पांढराफट्ट जळलेला नको. मग गॅलरीतल्या एडिटमधे जाऊन सॅच्युरेशन पूर्ण वाढवा. जो फरक डोळ्याला "असेल कदाचित" वाटत होता तो गुलाबी आणि हिरवा म्हणून समोर येतो. वेगवेगळे दोन फोटो काढून तुलना मात्र करू नका, फोन प्रत्येक फोटोला व्हाईट बॅलन्स स्वतःच बदलतो आणि दोन्ही सारखेच दाखवतो. आपला डोळाही तेच करतो, म्हणून "काल दुकानात बघितलं तेव्हा सेम होता" याला काही अर्थ नाही, शेजारी ठेवल्याशिवाय रंग जुळवता येत नाही.

रोलच्या आतला घोळ

टेबलावर टेस्ट करून आम्ही चौथ्या रोलला दोषी ठरवलं, आणि मग शिडीवर चढून बाकीचं बघताना सोफ्याच्या भिंतीवर, दुसऱ्या रोलच्या शेवटाकडे, अर्ध्या मीटरचा एक पट्टा दिसला जो चौथ्या रोलसारखाच गुलाबी होता. इतके दिवस कुणाच्या लक्षात आला नव्हता.

याचं कारण स्ट्रिप निरखून बघितलीत तर दिसेल. पाच मीटरचा रोल हा एक सलग पट्टा नसतो, अर्ध्या अर्ध्या मीटरच्या पट्ट्या शेवटाला शेवट सोल्डर करून बनवलेला असतो. दर पन्नास सेंटिमीटरला सोल्डरचे फुगीर ठिपके लागतात बघा. कारखान्यात मशीनवर एलईडीची रीळ संपून दुसरी लागली आणि ती दुसऱ्या बिनची निघाली तर तिथून पुढच्या पट्ट्या वेगळ्या रंगाच्या, आणि जोडणारा माणूस ढिगातून जी हाताला लागेल ती पट्टी घेतो. म्हणून एका रोलच्या आत फरक आला तर तो बहुतेक वेळा बरोबर सोल्डरच्या जोडावर सुरू होतो आणि बरोबर जोडावर संपतो. ही खूण पक्की लक्षात ठेवा. रंग हळूहळू बदलत गेला तर व्होल्टेज, जोडावर झटकन बदलला तर बिन.

लावून झालंय, आता काय

सगळं काढून नवीन लावणं हा उपाय सगळ्यांना माहीत आहे, पण आधी हे करून बघा.

मुद्दा असा की डोळा फरक पकडतो तो दोन रंग जिथे भिडतात त्या रेघेवर. ती रेघ काढा किंवा लपवा, फरक असून दिसणार नाही. कोपऱ्यात छताचं तोंड फिरतं, सावली बदलते, तिथे रंग बदलला तर कुणाला कळत नाही. सरळ भिंतीच्या मधोमध बदलला तर लहान मूलसुद्धा बोट दाखवतं.

भावाकडे आम्ही हिशोब मांडला. दोन सोळा फुटी भिंती आणि बाल्कनीची अकरा फुटी मिळून त्रेचाळीस फूट, म्हणजे 13.1 मीटर. जुने तीन रोल पंधरा मीटर. मग दाराच्या भिंतीवरची जुनी 1.9 मीटर काढून घेतली आणि ती पूर्ण अकरा फुटी भिंत, 3.35 मीटर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चौथ्या रोलची केली. काढलेल्या 1.9 मधून अर्धा मीटर सोफ्याच्या भिंतीवरच्या त्या गुलाबी पट्ट्याच्या जागी बसवला, जुना पट्टा सोल्डरच्या जोडावर कापून. तिसरा रोल आता पाचऐवजी तीन मीटरवर आल्यामुळे त्याच्या टोकाचं व्होल्टेजही वर आलं. एक रुपयाची नवीन स्ट्रिप नाही, दीड तास काम, आणि वहिनीने पास केलं. मला माहीत असल्यामुळे मला अजून दिसतो फरक, तो भाग वेगळा.

भिंती अदलाबदल करण्याइतका माल नसेल आणि कोव्ह रुंद असेल तर दोन्ही बॅचच्या स्ट्रिप सगळीकडे शेजारी शेजारी दोन ओळींत लावतात, वरती रंग मिसळून एकच सरासरी छटा दिसते. यात माल दुप्पट लागतो, उजेड आणि वॅटही दुप्पट, तर अडॅप्टर त्या हिशोबाने मोठा घ्या आणि डिमर लावा. अॅल्युमिनियम प्रोफाइलला दुधी कव्हर लावल्याने एकेका एलईडीतला फरक मिसळून जातो, पण पाच मीटर गुलाबी आणि पाच मीटर हिरवट हे काही त्याने एक होत नाही, तशी अपेक्षा ठेवू नका. डिमरने रंग दुरुस्त होत नाही, फक्त कमी उजेडात कमी खुपतो.

जुनी स्ट्रिप वर्ष-दोन वर्षं वापरलेली असेल तर मात्र जुळवायच्या भानगडीत पडू नका. उष्णतेने एलईडीच्या आजूबाजूचं प्लास्टिक आणि सिलिकॉन काळवंडतं, स्ट्रिपचा पांढरा थर पिवळा पडतो, मग त्याच बिनचा नवा तुकडा मिळाला तरी तो जुळणार नाही. बंद जागेत चिकटवलेली, प्रोफाइल नसलेली स्ट्रिप जास्त लवकर बदलते.

घेताना

मोजमाप करा, त्यात दहा-पंधरा टक्के जास्त धरा आणि एका खोलीचा सगळा माल एकाच वेळी घ्या. सोळा मीटर लागणार असेल तर वीस घ्या, आमच्यासारखे पंधरावर थांबू नका. रोल एकाच मोठ्या खोक्यातून काढायला सांगा, पाकिटावर लॉट नंबर किंवा तारखेचा शिक्का असेल तर सगळ्यांवर तोच आहे ना बघा. हमी नाही, पण शक्यता बरीच वाढते.

मग काउंटरवरच सगळे रोल टेस्टिंगच्या अडॅप्टरला एकामागून एक न लावता, सगळ्यांची पहिली टोकं शेजारी धरून एकदम पेटवा. बटर पेपरचा तुकडा खिशात ठेवा, दुकानदार हसेल, हसू दे. रोल गुंडाळलेला असताना फार वेळ चालू ठेवू नका, तापतो. आणि फक्त पहिली टोकं बघून थांबू नका, शेवटची टोकंही धरा, मधे पट्टी बदलली असेल तर बऱ्याचदा तिथे पकडली जाते.

साधी आणि वॉटरप्रूफ स्ट्रिप एका खोलीत मिसळू नका. आयपी 65 वगैरेच्या स्ट्रिपवर जो सिलिकॉनचा थर ओततात त्याने रंग सरकतो, साधारणपणे जास्त थंड दिसतो, म्हणजे साधी 3000 आणि तीच सिलिकॉनवाली शेजारी लावली तर एलईडी एकाच रिळेतले असूनही जुळत नाहीत. शिवाय स्वस्तातलं कोटिंग पुढे पिवळं पडतं ते वेगळंच.

जिथे लांब सरळ रेघ आहे आणि लपवायला कोपरा नाही, म्हणजे पॅसेज किंवा टीव्हीमागचं पॅनेल, तिथे थोडे पैसे सोडा आणि तीन स्टेप लिहिलेली, 24 व्होल्टची घ्या. वॅट तेवढेच असले की 24 ला करंट निम्मा लागतो म्हणून टोकाला उजेड फारसा कमी पडत नाही. कपाटाच्या आत, बेडखाली, शूरॅकमधे खुशाल स्वस्तातली लावा, तिथे शेजारी तुलनेला काही नसतंच.

आणि उरलेला तुकडा फेकू नका. आमच्याकडे शेवटी 1.4 मीटर उरली, तिच्या मागच्या कागदावर मार्करने तारीख आणि "हॉल, रोल 3" लिहून ती एमसीबीच्या बॉक्सशेजारच्या कप्प्यात ठेवली. पावसाळ्यात टीव्हीच्या बाजूच्या एका साखळीचे तीन एलईडी गेले तेव्हा त्यातलाच अडीच सेंटिमीटरचा तुकडा कापून लावला.